वऱ्हाडी बोलणाऱ्यांसाठी मराठी वाक्-ओळख मॉडेल : प्रकल्प प्रस्ताव

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, संशोधन प्रकल्प समिती
सादरकर्ते : अंतिम वर्ष, संगणक अभियांत्रिकी, प्रकल्प गट ७
मागितलेला निधी : ३७,००० रुपये
कालावधी : आठ महिने

प्रकल्प का हवा

मे महिन्यात आम्ही अकोट तालुक्यातल्या एका आजींना फोनवरच्या बोलून टंकण्याच्या सोयीत बोलायला सांगितले. त्या म्हणाल्या, "मले एका डोयानं कमी दिसते." पडद्यावर उमटले, "मला एकदा यानं कमी दिसते." 'मले'चे 'मला' झाले, तिथवर ठीक; पण डोळाच गायब झाला. आजींचा उच्चार चुकला नव्हता. वऱ्हाडीत ळ चा य होतो : डोया, शाया, केयी. उपलब्ध मराठी ध्वनिसंचांत वाचून दाखवलेली प्रमाण मराठी भरपूर आहे, अशी बोली फार थोडी. दवाखान्यात किंवा कृषी सल्ल्याच्या फोनवर हे तंत्र वापरायचे असेल, तर ही उणीव आधी भरायला हवी. आपले महाविद्यालय अकोल्यात आहे, ही माणसे आपल्या शेजारची आहेत, म्हणून हे काम आपणच करावे असे आम्हाला वाटते.

डेटा

पायाभूत प्रशिक्षणासाठी कॉमन व्हॉइसचा मराठी भाग आणि एआय४भारतचा कथबाथ संच वापरू. दोन्ही खुले आहेत. खरे श्रम पुढे आहेत : अकोट, तेल्हारा, बाळापूर, पातूर, बार्शीटाकळी आणि मूर्तिजापूर या तालुक्यांतून ६० जण, प्रत्येकी २० मिनिटे, म्हणजे २० तास. निम्म्या स्त्रिया, आणि किमान १५ जण साठीपुढचे. कागद हातात देऊन वाचायला लावणार नाही. वाचताना माणूस लगेच प्रमाण भाषेत शिरतो. पेरणी, बोंडअळी, लग्नसराई, मुलांची शाळा असे विषय काढून गप्पा मारू. ध्वनी १६ किलोहर्ट्झ, मोनो.

प्रत्येक वाक्य दोनदा लिहू : एकदा बोलले तसे (डोयानं), एकदा प्रमाण लेखनात (डोळ्याने). आकडे अक्षरांत, कारण 'अडीच' आणि 'पावणेदोन' अंकांत लिहिले की बोलणे हरवते. चाचणीत १० मिनिटांच्या ध्वनीला लिहायला ८० मिनिटे लागली. त्या हिशेबाने २० तासांना १६० तास, चौघांत प्रत्येकी ४०. हे आम्हीच करू. त्याचे मानधन मागत नाही.

संमती मराठीत वाचून दाखवू आणि आवाजातच नोंदवू. नाव, गाव, फोन नंबर बोलण्यात आला तर तो तुकडा कापू. संच खुला करण्यापूर्वी कोणीही आपले ध्वनिमुद्रण मागे घेऊ शकेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या दृष्टीने संमतीपत्राचा मसुदा समितीने तपासून द्यावा, ही विनंती.

संगणन आणि खर्च

`openai/whisper-small` (सुमारे २४.४ कोटी पॅरामीटर) हे मॉडेल घेऊन त्याचे फाइन-ट्यूनिंग करू. मोठे मॉडेल अधिक अचूक ठरेल, पण आम्हाला ते ग्रामीण केंद्रातल्या साध्या लॅपटॉपवर चालायला हवे आहे. छोट्या चाचण्या विभागातल्या १२ जीबीच्या आरटीएक्स ३०६० वर होतील. मुख्य प्रशिक्षणाला २४ जीबीचे कार्ड भाड्याने घ्यावे लागेल.

- जीपीयू भाडे, १५० तास, तासाला ६० रुपये धरून : ९,०००
- बोलणाऱ्यांचे मानधन, ६० × १५० : ९,०००
- एसटी व इतर प्रवास : ८,०००
- दोन ध्वनिमुद्रक व माइक : ६,०००
- हार्ड डिस्क : ५,०००

मूल्यमापन

६० पैकी १० जणांचा आवाज प्रशिक्षणात अजिबात येणार नाही. अंतिम चाचणी त्यांच्यावरच. वाक्ये वाटण्याऐवजी माणसे वाटणे महत्त्वाचे, नाहीतर मॉडेल आवाज पाठ करते आणि गुण फुगतात.

शब्दचूक दर आणि अक्षरचूक दर दोन्ही मोजू. इथे एक सापळा आहे. व्हिस्परसोबत येणारा `BasicTextNormalizer` मजकुरातल्या मात्रा काढून टाकतो :

```
पाणी → प ण
पुणे → प ण
```

म्हणजे 'पाणी'च्या जागी 'पुणे' लिहिले तरी बरोबर धरले जाते. मराठीचे आकडे यामुळे फसवे निघतात. आम्ही फक्त युनिकोड एकरूपता करू आणि विरामचिन्हे काढू, मात्रांना हात लावणार नाही.

फाइन-ट्यून न केलेले `whisper-small`, `whisper-large-v3` आणि एआय४भारतचे मराठी मॉडेल याच चाचणीवर चालवून तुलना देऊ. निकाल प्रत्येक व्यक्तीनुसार मांडू, कारण सरासरीत एखाद्या आजींची अडचण बुडून जाते. ळ असलेल्या आणि शेतीच्या शब्दांची चूक वेगळी मोजू. प्रमाण मराठीवर मॉडेल बिघडले का, हे फ्लर्स या ध्वनिसंचाच्या मराठी चाचणीवर पाहू. उपलब्ध मॉडेल आमच्यापेक्षा सरस ठरले, तर तसेच लिहू. २० तासांचा संच तरीही सर्वांसाठी खुला राहील.

वेळापत्रक

ऑगस्ट ते ऑक्टोबर ध्वनिमुद्रण, डिसेंबरअखेर लेखन, जानेवारी-फेब्रुवारीत प्रशिक्षण, मार्चमध्ये मूल्यमापन व अहवाल. कापूस वेचणी सुरू झाली की शेतकऱ्यांना गप्पांना वेळ मिळत नाही, म्हणून प्रवास आणि ध्वनिमुद्रकांचे १४,००० रुपये ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मिळावेत.