खरेदी आदेशांच्या मंजुरीचे नियम : मूल्यमर्यादा, विभाग आणि मंजुरी अधिकारी अनुपस्थित असतानाची व्यवस्था

परिपत्रक
मुख्य वित्त अधिकारी यांचे कार्यालय, अंधेरी (पूर्व), मुंबई
प्रति : सर्व विभागप्रमुख, कक्षप्रमुख व खरेदी विभाग (अंधेरी मुख्यालय, तळोजा कारखाना, भिवंडी गोदाम)
लागू : १ ऑगस्ट २०२५ पासून

१. हे नियम कशासाठी

मागील आर्थिक वर्षातील खरेदी आदेशांची अंतर्गत तपासणी केली असता असे आढळले की, उशिरा निघालेल्या बहुतेक आदेशांमध्ये मंजुरी नाकारली गेली नव्हती, तर ती कोणी द्यायची हेच त्या दिवशी ठरलेले नव्हते. अधिकारी रजेवर असल्यामुळे मागणी अडून राहिली, अडलेली मागणी पुढे जावी म्हणून फोनवर होकार घेतला गेला, आणि आदेश निघण्याआधीच माल गेटवर आला. अशा मालाचे बिल लेखा विभागात अडकते. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर एमएसएमईडी कायदा, २००६ नुसार पैसे देण्याची मुदत माल स्वीकारल्यापासून मोजली जाते आणि लेखी करार असला तरी ती ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. आपली मंजुरी नंतर मिळाली म्हणून ही मुदत पुढे सरकत नाही. म्हणून प्रत्येक आदेशासाठी, प्रत्येक दिवशी, मंजुरी देण्याचा अधिकार असलेली एक निश्चित व्यक्ती असली पाहिजे, हा या नियमांचा पाया आहे.

२. मूल्यमर्यादा

| श्रेणी | आदेशाचे मूल्य (रुपये) | मंजुरीचा क्रम |
|---|---|---|
| अ | २५,००० पर्यंत | कक्षप्रमुख |
| ब | २५,००० पेक्षा जास्त, २ लाखांपर्यंत | विभागप्रमुख |
| क | २ लाखांपेक्षा जास्त, १० लाखांपर्यंत | विभागप्रमुख, खरेदी प्रमुख, वित्त व्यवस्थापक |
| ड | १० लाखांपेक्षा जास्त, ५० लाखांपर्यंत | ‘क’मधील सर्व, त्यानंतर मुख्य वित्त अधिकारी |
| इ | ५० लाखांपेक्षा जास्त | ‘ड’मधील सर्व, त्यानंतर व्यवस्थापकीय संचालक |

आदेश २ कोटी रुपयांच्या वर असेल, तर संचालक मंडळाच्या ठरावाची प्रत जोडल्याशिवाय तो व्यवस्थापकीय संचालकांकडे जाणार नाही.

२.१ मूल्य म्हणजे वस्तूची किंमत, वाहतूक, विमा, उभारणी आणि चाचणी यांची बेरीज. जीएसटी यात धरू नये. मात्र ज्या खरेदीवर आपल्याला जीएसटीची वजावट मिळत नाही, उदाहरणार्थ कर्मचाऱ्यांसाठीची खानपान सेवा, तिथे जीएसटीसह मूल्य धरावे, कारण तो कर आपल्या खर्चातच राहतो. परकीय चलनातील आदेशासाठी मागणी नोंदवलेल्या दिवशीचा एफबीआयएलचा संदर्भ दर वापरावा.

२.२ वार्षिक दर करारासाठी संपूर्ण मुदतीतील अंदाजित खरेदीचे मूल्य धरून श्रेणी ठरेल. करार एकदा मंजूर झाला की त्याखालील पुरवठा आदेश, करारातील दर व एकूण मर्यादा न ओलांडता, विभागप्रमुखांच्या मंजुरीने निघतील.

२.३ एकाच गरजेचे तुकडे करून खालच्या श्रेणीत बसवलेले आदेश हा नियमभंग मानला जाईल. एकाच खर्च केंद्रातून, एकाच पुरवठादाराकडे, सारख्या वस्तूंसाठी ३० दिवसांत निघालेले आदेश प्रणाली एकत्र मोजेल आणि बेरीज ज्या श्रेणीत जाते त्या श्रेणीची साखळी शेवटच्या आदेशाला लावेल. समजा, १,९०,००० रुपयांचा एक आदेश ३ तारखेला निघाला आणि तेवढ्याच रकमेचा दुसरा १७ तारखेला मागितला गेला, तर दुसरा आदेश ३,८०,००० रुपयांचा समजून खरेदी प्रमुख आणि वित्त व्यवस्थापकांकडेही जाईल. गरज खरोखरच नव्याने निर्माण झाली असेल, तर मागणीपत्रात तसे कारण लिहावे. कारण वाजवी असेल तर मंजुरी अडणार नाही.

२.४ मंजूर आदेशाचे मूल्य १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढले, किंवा वाढीमुळे वरची श्रेणी लागली, तर मंजुरी पहिल्या पायरीपासून पुन्हा घ्यावी लागेल. पुरवठादार बदलला किंवा देयकाच्या अटी बदलल्या, तरी तसेच. मूल्य कमी झाल्यास नव्या मंजुरीची गरज नाही. आगाऊ रक्कम ३० टक्क्यांहून जास्त द्यायची असेल, तर श्रेणी कोणतीही असो, मुख्य वित्त अधिकाऱ्यांची मंजुरी लागेल.

३. विभागवार नियम

पहिली मंजुरी मागणी करणाऱ्याच्या नव्हे, तर ज्याच्या खर्च केंद्रातून पैसे जाणार आहेत त्या विभागाच्या प्रमुखाची असते. गुणवत्ता विभागाने उत्पादन विभागाच्या अंदाजपत्रकातून मापन यंत्र मागवले, तर पहिली मंजुरी उत्पादन प्रमुखांची. खर्च अनेक केंद्रांत विभागलेला असेल, तर सर्वांत मोठा वाटा असलेल्या विभागाचे प्रमुख मंजुरी देतील आणि ज्यांचा वाटा २ लाखांपेक्षा जास्त आहे त्यांचीही संमती घेतली जाईल.

संगणक, सॉफ्टवेअर आणि क्लाउड सेवांसाठी, विभाग कोणताही असला तरी, आयटी प्रमुखांची तांत्रिक संमती आधी लागेल. घातक रसायने, गॅस सिलिंडर आणि दाबपात्रे यांच्या आदेशाला कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्यांची संमती लागेल. या संमतीला मूल्याची खालची मर्यादा नाही : पाच हजारांच्या आम्लाच्या कॅनमुळेही मोठा अपघात होऊ शकतो. भांडवली खरेदीसाठी मंजूर प्रकल्प क्रमांक अनिवार्य आहे. जाहिरात, सल्लागार आणि इतर सेवांच्या आदेशात कामाची व्याप्ती व स्वीकृतीचा निकष लिहिलेला नसेल, तर वित्त व्यवस्थापकांनी तो परत पाठवावा.

मागणी करणारी व्यक्ती स्वतःच्या मागणीला मंजुरी देऊ शकत नाही. विभागप्रमुखांनी स्वतः मागणी केली असेल, तर ती त्यांच्या थेट वरिष्ठांकडे जाईल. पुरवठादाराशी नातेसंबंध किंवा आर्थिक हितसंबंध असलेल्या अधिकाऱ्याने तो प्रणालीत नोंदवून त्या आदेशातून बाजूला व्हावे. त्या पायरीपुरते त्यांना अनुपस्थित समजले जाईल.

४. मंजुरी अधिकारी अनुपस्थित असताना

४.१ पूर्वनियोजित रजा. एक कामाचा दिवस किंवा त्याहून अधिक काळ रजेवर अथवा दौऱ्यावर जाणाऱ्या अधिकाऱ्याने निघण्यापूर्वी प्रणालीत बदली मंजुरी अधिकारी नेमावा आणि सुरुवातीची व शेवटची तारीख भरावी. ही नोंद नसेल तर एचआर प्रणालीतील रजेचा अर्ज पुढे जाणार नाही. गणेशोत्सव, दिवाळी आणि मे महिन्यात एकाच विभागातील अनेक जण एकाच वेळी सुट्टीवर जातात, म्हणून या काळातील बदलीची यादी विभागप्रमुखांनी किमान १५ दिवस आधी खरेदी विभागाला द्यावी.

४.२ बदली अधिकारी कोण असू शकतो. तो समान किंवा वरच्या दर्जाचा असावा. कामाचा अनुभव कितीही असला तरी कनिष्ठाकडे अधिकार देता येणार नाही. त्याला मूळ अधिकाऱ्याची मर्यादा मिळेल, त्यापेक्षा जास्त नाही. मिळालेला अधिकार तो तिसऱ्या व्यक्तीकडे सोपवू शकणार नाही, आणि मुदत संपताच अधिकार आपोआप मूळ अधिकाऱ्याकडे परत जाईल. नोंदीत दोन्ही पदे दिसतील : कोणाच्या वतीने, आणि प्रत्यक्ष कोणी. निर्णयाची जबाबदारी प्रत्यक्ष मंजुरी देणाऱ्याची राहील.

४.३ एक व्यक्ती, एक सही. एकाच आदेशावर एकच व्यक्ती दोन पायऱ्यांवर मंजुरी देऊ शकत नाही. तळोजा कारखान्यातील शीतकरण पंपाचा ६,४०,००० रुपयांचा आदेश घ्या. देखभाल प्रमुखांनी त्याला मंजुरी दिली. खरेदी प्रमुख रजेवर आहेत आणि त्यांनी वित्त व्यवस्थापकांना बदली नेमले आहे. परंतु वित्त व्यवस्थापक याच आदेशाच्या तिसऱ्या पायरीवर आहेत. त्यांनीच दोन्ही मंजुऱ्या दिल्या, तर दर तपासणारा आणि पैशाची तरतूद तपासणारा एकच होईल आणि साखळीला अर्थ उरणार नाही. त्यामुळे प्रणाली खरेदीची पायरी मुख्य वित्त अधिकाऱ्यांकडे पाठवेल आणि वित्त व्यवस्थापक फक्त स्वतःची पायरी पूर्ण करतील.

४.४ अचानक अनुपस्थिती. आजारपण, घरातील अडचण किंवा पावसामुळे लोकल बंद पडणे यासाठी कोणालाही आधी बदली नेमता येत नाही. अशा वेळी आदेश अधिकाऱ्याकडे आल्यापासून ८ कामाच्या तासांनी त्याला स्मरणपत्र जाईल, १६ तासांनी आदेश त्याच्या कायम बदली अधिकाऱ्याकडे वळेल, आणि २४ तासांनी थेट वरिष्ठांकडे जाईल. प्रत्येक मंजुरी अधिकाऱ्याच्या कायम बदलीचे नाव ३१ जुलैपर्यंत प्रणालीत भरलेले असावे. तास अधिकाऱ्याच्या कार्यालयाच्या दिनदर्शिकेनुसार मोजले जातील. मुख्यालयाला शनिवारी सुट्टी असते आणि कारखाना चालू असतो, म्हणून शनिवारी ‘क’ श्रेणीपर्यंतच्या तातडीच्या आदेशांसाठी खरेदी व वित्त विभागांनी प्रत्येकी एका अधिकाऱ्याची पाळी लावावी.

४.५ मुदत उलटली म्हणून कोणताही आदेश आपोआप मंजूर होणार नाही. आदेश वर जाईल, पण मंजुरी माणूसच देईल. हा नियम कोणत्याही श्रेणीत शिथिल होणार नाही.

४.६ पासवर्ड किंवा ओटीपी दुसऱ्याला देऊन घेतलेली मंजुरी रद्द समजली जाईल व दोघांवरही शिस्तभंगाची कारवाई होईल. फोनवरचा होकार किंवा व्हॉट्सॲपवरचा संदेश ही मंजुरी नाही. बाहेर असलेल्या अधिकाऱ्यांनी प्रणालीचे मोबाइल ॲप वापरावे.

४.७ दीर्घ अनुपस्थिती. दहा कामाच्या दिवसांहून जास्त रजा असल्यास व्यवस्थापकीय संचालकांच्या लेखी आदेशाने प्रभारी नेमला जाईल. अधिकाऱ्याने राजीनामा दिल्यास किंवा त्याची अन्यत्र बदली झाल्यास एचआर विभागाने शेवटच्या दिवशीच मंजुरीचे अधिकार काढावेत. रिकाम्या पदावर आदेश जाऊन पडता कामा नये.

४.८ मुख्य वित्त अधिकारी नसल्यास त्यांची पायरी व्यवस्थापकीय संचालकांकडे आणि व्यवस्थापकीय संचालक नसल्यास संचालक मंडळाने नेमलेल्या पूर्णवेळ संचालकांकडे जाईल. या दोघांनी एकाच वेळी रजेवर जाणे टाळावे.

५. आणीबाणीची खरेदी

माणसांच्या सुरक्षिततेला धोका असेल, किंवा उत्पादन बंद पडले असेल अथवा पडण्याच्या बेतात असेल, तर कारखाना प्रमुख स्वतःच्या अधिकारात ३ लाख रुपयांपर्यंतची खरेदी करू शकतील. त्यांनी त्याच दिवशी खरेदी प्रमुखांना ईमेलने कळवावे आणि दोन कामाच्या दिवसांत नियमित साखळीतून कार्योत्तर मंजुरी घ्यावी. पंपघरात पाणी भरले आणि मोटर जळाली, ही आणीबाणी आहे. मार्चअखेर अंदाजपत्रक शिल्लक राहिले, ही नाही. अशा सर्व खरेद्यांची यादी अंतर्गत लेखापरीक्षक दरमहा तपासतील, आणि एकाच यंत्रासाठी वारंवार आणीबाणी दाखवली जात असेल तर देखभाल विभागाकडून सुट्या भागांच्या साठ्याबाबत लेखी खुलासा मागतील.

६. प्रलंबित आदेश

३१ जुलै रोजी मंजुरीच्या मार्गावर असलेले आदेश जुन्याच साखळीने पूर्ण होतील. मात्र १४ ऑगस्टपर्यंत पूर्ण न झालेले आदेश परत येतील आणि नव्या नियमांनुसार पुन्हा दाखल करावे लागतील. जुन्या व्यवस्थेत दिलेले सर्व तोंडी व लेखी बदली अधिकार १ ऑगस्टपासून संपुष्टात येतील. श्रेणी किंवा बदली अधिकाऱ्याबाबत शंका असल्यास, माल मागवण्यापूर्वी, खरेदी विभागाच्या मंजुरी कक्षाकडे लेखी विचारणा करावी. कक्ष त्याच कामाच्या दिवशी लेखी उत्तर देईल.

मुख्य वित्त अधिकारी