रे. मु. नं. ८७/२०२४ : प्रतिवादीस लेखी प्रश्न आणि कागदपत्रे दाखविण्याची नोटीस

मे. दिवाणी न्यायाधीश साहेब, कनिष्ठ स्तर, रावेर यांचे कोर्टात

वादी : रघुनाथ काशिनाथ पाटील, धंदा शेती, रा. ऐनपूर, ता. रावेर, जि. जळगाव
विरुद्ध
प्रतिवादी : प्रकाश सुका चौधरी, धंदा केळी व्यापार, रा. रावेर

भाग अ : लेखी प्रश्न विचारण्याच्या परवानगीसाठी अर्ज
(दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश ११, नियम १ व २)

वादीचा विनंती अर्ज असा की,

दावा केळीच्या मालाच्या बाकीचा आहे. वादीचे म्हणणे : ३१८ क्विंटल माल, ठरलेला भाव रु. १,६५०, होणारे रु. ५,२४,७००, पैकी बँकेतून मिळाले रु. १,५०,०००, बाकी रु. ३,७४,७००. प्रतिवादीने कैफियतीत माल घेतल्याचे नाकारलेले नाही. मात्र दांड्याची घट १८ क्विंटल धरून ३०० क्विंटल, भाव रु. १,४०० आणि 'उर्वरित रु. २,७०,००० रोखीने अदा' असा हिशेब मांडला आहे. हा हिशेब रुपयाचाही फरक न राहता शून्यावर येतो. रोख रक्कम कोणाच्या हाती, कुठे आणि कोणासमक्ष दिली, याबद्दल मात्र कैफियतीत एक ओळही नाही. ही माहिती फक्त प्रतिवादीजवळ आहे. ती आताच शपथेवर आली तर निम्मे साक्षीदार तपासावे लागणार नाहीत.

बाजारभावाची चढउतार किंवा प्रतिवादीचे इतर शेतकऱ्यांशी व्यवहार यांवर प्रश्न विचारलेले नाहीत. त्यांची जागा उलटतपासात आहे.

प्रश्न असे :

१. दि. १२, १५ व १९ मे २०२४ रोजी वादीच्या शेतातून कापलेला माल कोणत्या वजनकाट्यावर तोलला? प्रत्येक दिवसाचे भरलेल्या व रिकाम्या गाडीचे वजन किती होते?

२. त्या तीन दिवसांचे निव्वळ वजन अनुक्रमे ११२, १२४ व ८२ क्विंटल होते, हे खरे आहे काय? नसल्यास आपल्या मते प्रत्येक दिवसाचे वजन किती?

३. १८ क्विंटल घट कोणी, कोणत्या दिवशी व कोणत्या दराने धरली? कटाईपूर्वी ती वादीस सांगितली होती काय? असल्यास तोंडी की लेखी?

४. रु. १,४०० हा भाव कोणत्या तारखेस ठरला आणि त्या वेळी कोण हजर होते?

५. रु. २,७०,००० एकरकमी दिले की हप्त्यांनी? प्रत्येक रकमेची तारीख, ठिकाण, घेणाऱ्याचे नाव आणि हजर असलेल्यांची नावे सांगा.

६. कैफियतीच्या परिच्छेद ९ मध्ये २ जून २०२४ ही तारीख आहे. तो रविवार होता. त्या दिवशी दिलेली रोख रक्कम कोठून आली? बँकेतून काढली असल्यास कोणत्या खात्यातून व कोणत्या तारखेस? दुकानातील शिल्लक असल्यास आदल्या दिवसअखेरची रोख शिल्लक किती होती?

७. परिच्छेद ९ मधील 'सही घेतलेली चिठ्ठी' कोणाच्या हस्ताक्षरात आहे? तिच्यावर सही कोणाची, आणि ती आज कोणाच्या ताब्यात आहे?

प्रतिवादीने प्रश्न २ मधील वजन लेखी कबूल केल्यास प्रश्न १ सोडून देण्यास वादी तयार आहे. तरी परवानगी मिळावी व प्रतिवादीने प्रश्न बजावल्यापासून १० दिवसांत प्रतिज्ञालेखाने उत्तरे द्यावीत, असा हुकूम व्हावा, ही विनंती.

भाग ब : कागदपत्रे दाखविण्याची नोटीस
(आदेश ११, नियम १५ व १६)

प्रति, प्रतिवादी व त्यांचे विद्वान वकील,

आपण कैफियतीत ज्यांचा आधार घेतला आहे ते पुढील मूळ कागद वादी व त्यांच्या वकिलांस पाहू द्यावेत आणि त्यांच्या नकला घेऊ द्याव्यात :

(क) तिन्ही दिवसांच्या काटा पावत्या (परिच्छेद ६)
(ख) मे व जून २०२४ चा रोजमेळ आणि वादीच्या नावची खतावणी (परिच्छेद ९)
(ग) वर उल्लेखलेली सही घेतलेली चिठ्ठी (परिच्छेद ९)

गाडीभाड्याच्या चिठ्ठ्यांचा उल्लेख कैफियतीत नाही, म्हणून त्या येथे मागितलेल्या नाहीत. त्यांच्यासाठी नियम १२ खाली वेगळा अर्ज करण्याचा हक्क वादी राखून ठेवीत आहे.

नोटीस मिळाल्यापासून १० दिवसांत आपण उलट नोटीस देऊन, ती दिल्यापासून ३ दिवसांच्या आतली वेळ कळवावी. (क) व (ग) आपल्या वकिलांच्या कार्यालयात दाखवावेत. रोजमेळ व खतावणी रोजच्या वापरात असल्यास त्या दुकानावर पाहण्यास हरकत नाही. एखादा कागद दाखविण्यास आक्षेप असल्यास कोणता व का, ते त्याच उत्तरात लिहावे.

कागद दाखविले नाहीत तर, मे. कोर्टास पुरेसे कारण पटल्याखेरीज, ते पुढे आपल्या बाजूने पुराव्यात वापरता येणार नाहीत. तसेच पाहणीच्या हुकुमासाठी वादी नियम १८ खाली अर्ज करील आणि त्याचा खर्च आपणाकडून मागेल.

रावेर
दि. १० फेब्रुवारी २०२५

वादी : रघुनाथ काशिनाथ पाटील
वादीतर्फे वकील