घरकामाच्या वाटणीबद्दल, आपल्या चौघींसाठी

मुलींनो, मेसेज लांब झालाय. आत्ता बसमध्ये किंवा ड्यूटीवर असाल तर रात्री जेवून निवांत वाचा, पण वाचा नक्की. कुणावर राग नाहीये, आणि हे एका कुणाला उद्देशून नाही. म्हणूनच वेगवेगळं न बोलता ग्रुपवर टाकतेय.

विषय आहे स्वयंपाकघर आणि साफसफाईचा.

काल काकू पोळ्या करायला आल्या तेव्हा बेसिनमध्ये सकाळचा कुकर होता, तळाशी भात वाळून घट्ट बसलेला, त्यावर कढई, चहाची पातेली आणि तीन ताटल्या. जाळीत खरकटं अडकून पाणी तुंबलं होतं. काकूंनी काही न बोलता पदर खोचला आणि आधी ते सगळं घासलं, मग ओटा पुसला, मग कणीक भिजवली. आपण त्यांना पोळी-भाजीचे पैसे देतो, भांड्यांचे नाही. आपल्यानंतर त्यांची अजून दोन घरं असतात, तिथे त्यांना उशीर होतो. त्या आपल्याला तोंडावर कधीच म्हणणार नाहीत, म्हणून आपणच बघायला हवं. मला सगळ्यात जास्त हे लागलंय.

दुसरं म्हणजे, मी घरून काम करते. त्यामुळे दिवसभरात जे दिसतं ते माझ्याकडून उचललं जातं: सिलिंडरवाला, पाण्याचा जार, ओट्यावरच्या मुंग्या, दुपारी दोरीवरचे कपडे. घरी असले तरी त्या वेळात मी लॉग-इन असते गं, कॉल चालू असतात. हे असंच चालू राहिलं तर माझी चिडचिड होईल आणि ती भलत्याच गोष्टीवरून बाहेर पडेल. तसं मला आपल्यात नकोय. आपलं चांगलं जमतं, ते तसंच राहावं असं मनापासून वाटतं.

तुम्ही करत नाही असं अजिबात नाही. लाइट बिल आणि वायफाय आयेशा दर महिन्याला न चुकता भरते, आपल्याला तारीखसुद्धा माहीत नसते. प्लंबर असो, घरमालक असो, सोसायटीचं काही असो, फोन पूर्वाच करते. दिवाळीआधी फ्रिज आणि माळा स्नेहलनं एकटीनं काढला होता. लक्षात ठेवणं आणि फोन करणं हेही कामच आहे आणि वाटणीत ते धरायलाच हवं. सध्या अडचण एवढीच की कुठलं काम कुणाचं हे ठरलेलं नाही, त्यामुळे ज्याचा त्रास जिला आधी होतो तिच्या गळ्यात ते पडतं.

मला सुचलंय ते असं. चार कामं, चौघी, दर सोमवारी पाळी बदलायची.

*रात्रीचं स्वयंपाकघर:* झोपण्याआधी ओटा आणि शेगडी पुसणं, बेसिनची जाळी रिकामी करणं, उरलेलं झाकून फ्रिजमध्ये, गॅसचा रेग्युलेटर बंद. स्वतःचं ताट-वाटी जिची तिनं लगेच घासायची, ते पाळीत येत नाही. काही करपलं तर भिजत घाला, पण दुसऱ्या दिवशी काकू यायच्या आत घासलेलं हवं. भात मात्र रात्रभर ओट्यावर नको. स्नेहलनंच सांगितलं होतं, त्यात जे विष तयार होतं ते पुन्हा गरम करूनही जात नाही.

*कचरा:* रात्री ओला-सुका वेगळा करून सकाळी आठच्या आत दाराबाहेर. इथे जरा लक्ष द्या. चहाचा चोथा आणि दुधाची पिशवी एकत्र गेली की ‘स्वच्छ’च्या ताईंना ते हातानं निवडावं लागतं. दुधाची पिशवी विसळून सुक्यात टाकायची. पॅड कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका करून वेगळे द्यायचे. बाथरूममध्ये जुना पेपर आणि लाल पेन मी ठेवून देते.

*बाथरूम-संडास:* दोन्ही, आठवड्यातून एकदा नीट, आणि मध्ये एकदा वरवर. जाळीतले केस रोज जिचे तिनं काढायचे, कृपया. आणि टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच कधीही एकत्र टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि आपल्या आतल्या बाथरूमला खिडकी म्हणजे एक फट आहे.

*केर-फरशी आणि सामान:* हॉल आणि पॅसेज एक दिवसाआड झाडणं, रविवारी पुसणं. भांड्यांचा साबण, चहा, साखर, तेल संपत आलं की आणणं. प्रत्येकीनं १ तारखेला ५०० रुपये काढले तर २००० मध्ये एवढं भागावं. कमी पडलं तर वाढवू. हिशोब फ्रिजवर कागद लावून लिहू.

आता खरा मुद्दा. सगळ्यांना सारखं काम म्हणजे न्याय, असं मला वाटत नाही, कारण आपले दिवस सारखे नाहीत. स्नेहलची नाइट असते त्या आठवड्यात तिच्यावर रात्रीचं स्वयंपाकघर येऊच नये, तेव्हा तिनं कचरा सोडून दुसरं काहीही घ्यावं, आणि ती सकाळी झोपलेली असताना मिक्सर लावायचा नाही. पूर्वाचे मंगळवार ते गुरुवार हिंजवडीत जातात. रात्री नऊला घरी आलेल्या माणसाला फरशी पुस म्हणणं बरोबर नाही, तिची कामं शुक्रवार ते रविवारवर टाकू. आयेशाची मे महिन्यात परीक्षा आहे. एप्रिल लागल्यापासून पेपर संपेपर्यंत तिच्याकडे फक्त कचरा, बाकीचं आपण तिघी वाटून घेऊ. आयेशा, यावर संकोच करू नकोस. जूनमध्ये आमच्यापैकी कुणाला गरज पडेल तेव्हा तू घेशील. मी घरी असते, म्हणून सिलिंडर आणि जार घेणं माझ्याकडे राहू द्या, मी ते आनंदानं करीन. पण मग केर-फरशीच्या माझ्या आठवड्यात सामान आणणं दुसरीनं घ्यावं.

एखाद्या दिवशी जमलं नाही तर संध्याकाळी सातच्या आत ग्रुपवर एवढंच टाका: ‘आज माझं कोण घेईल?’ कारण द्यायची गरज नाही. जी घेईल तिचं पुढे कधीतरी करायचं. न सांगता राहून गेलं तर मात्र दुसरीनं गुपचूप करून टाकायचं नाही, तिला आठवण करायची. हे मला स्वतःलाही अवघड जातं, पण गुपचूप केलेलं काम मनात साठत जातं.

पाहुणे आले तर भांडी जिचे पाहुणे तिची. फ्रिजमधल्या डब्यावर चिकटपट्टी लावून नाव आणि तारीख लिहू. चार दिवस झाले की न विचारता टाकता येईल.

एक विचारायचंय. महिन्यातून एकदा बाथरूम आणि पंखे-खिडक्यांसाठी कुणाला बोलवायचं का? आपल्या वॉचमनकाकांच्या घरच्या मावशी करतात असं कळलं. पैसे चौघींत विभागले तर फार पडणार नाहीत. मला चालेल, पण एकीलाही जड जात असेल तर नको. ग्रुपवर सांगायला अवघड वाटलं तर मला वेगळा मेसेज करा.

हे सगळं मी एकटीनं ठरवलेलं नाही, फक्त मांडलंय. एखादं काम तुम्हाला मनापासून नको असेल तर सांगा. पूर्वाला झुरळांची भीती वाटते हे मला माहीत आहे, तिच्या आठवड्यात बेसिनखालचं कपाट मी काढीन. तुम्हाला आवडणारी कामं असतील तर तीही सांगा, कायमची वाटून टाकू.

रविवारी स्नेहल नाइटवरून येऊन झोप काढेल, म्हणून अकराला बसू या का? पोहे मी करते, आयेशा चहा. अर्ध्या तासात पाळ्या लिहून काढू आणि सोमवारपासून सुरू. रविवार जमत नसेल तर गुरुवारपर्यंत सांगा, म्हणजे दुसरी वेळ बघता येईल.

आणि आज रात्रीचं बेसिन मी बघते. उद्याचं कोण घेतंय?