सूक्ष्मदर्शी आणि दुर्बीण: नाभीय अंतर, द्वारक व विशालन (विद्यार्थ्यांसाठी मराठी अनुवाद)

अनुवादाविषयी आधी दोन गोष्टी. मूळ मार्गदर्शिकेत भिंगाचे ‘पॉवर’ आणि दुर्बिणीचे ‘पॉवर’ या दोन्हींसाठी एकच शब्द येतो, पण त्या वेगळ्या राशी आहेत. मीटरमधील नाभीय अंतराच्या व्यस्त संख्येला येथे ‘भिंगाची शक्ती’ म्हटले आहे आणि ती डायॉप्टरमध्ये मोजतात. वस्तू किती पट मोठी दिसते हे सांगणाऱ्या संख्येला ‘विशालन’ म्हटले असून तिला एकक नसते. प्रकाश आत येण्यासाठी वस्तुभिंगाचा किंवा मुख्य आरशाचा जो मोकळा व्यास उपलब्ध असतो, त्याला ‘द्वारक’ म्हटले आहे. ‘छिद्र’ हा शब्द टाळला, कारण तो वाचताच मनात लहानसे भोक उभे राहते.

दूरवरून येणारे समांतर किरण बहिर्वक्र भिंगातून गेल्यावर ज्या बिंदूत एकत्र येतात ती नाभी, आणि भिंगाच्या मध्यापासून नाभीपर्यंतचे अंतर म्हणजे नाभीय अंतर. सूक्ष्मदर्शी आणि दुर्बीण या दोन्हींत वस्तुभिंग प्रथम वास्तव प्रतिमा तयार करते आणि नेत्रिका त्या प्रतिमेकडे साध्या विशालक भिंगासारखी पाहते. फरक आहे तो वस्तुभिंगाच्या नाभीय अंतरात: दुर्बिणीत ते मोठे असेल तर विशालन वाढते, सूक्ष्मदर्शीत ते लहान असेल तर वाढते.

दुर्बिणीचे सूत्र सोपे आहे:

M = f₀ / fₑ

येथे f₀ हे वस्तुभिंगाचे आणि fₑ हे नेत्रिकेचे नाभीय अंतर. 150 मिलिमीटर द्वारक आणि 1200 मिलिमीटर नाभीय अंतर असलेल्या दुर्बिणीला 25 मिलिमीटरची नेत्रिका लावली तर विशालन 48 येते आणि 10 मिलिमीटरची लावली तर 120. म्हणजे नेत्रिका बदलली की विशालन बदलते; त्यामुळे एकच आकडा ठसठशीत छापून दुर्बिणीची थोरवी सांगणारी जाहिरात फारसे काही सांगत नाही.

द्वारक मात्र नेत्रिका बदलून बदलत नाही, आणि दुर्बिणीची खरी कुवत तोच ठरवतो. गोळा होणारा प्रकाश द्वारकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंधारात पूर्ण विस्फारलेल्या बाहुलीचा व्यास 7 मिलिमीटर धरला, तर 150 मिलिमीटरची दुर्बीण डोळ्याच्या सुमारे 460 पट प्रकाश गोळा करते. (याच कारणासाठी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर योग्य सौर गाळणी घट्ट बसवल्याशिवाय तिच्यातून सूर्याकडे क्षणभरही पाहू नये.) दुसरी गोष्ट विभेदनाची. प्रकाश हा तरंग असल्यामुळे द्वारकाच्या कडांशी त्याचे विवर्तन होते आणि ताऱ्याची प्रतिमा बिंदू न राहता बारीक चकती बनते. द्वारक जितका मोठा, तितकी ही चकती लहान. एकमेकांलगतचे दोन तारे वेगळे दिसण्यासाठी लागणारे किमान कोनीय अंतर, विकला या एककात, 116 ला मिलिमीटरमधील द्वारकाने भागून ढोबळमानाने मिळते. आपल्या दुर्बिणीसाठी ते 0.77 विकला येते. प्रत्यक्षात वातावरणाच्या थरथरीमुळे बहुतेक रात्री तेवढेही साधत नाही.

म्हणून विशालनाला मर्यादा आहे. द्वारक मिलिमीटरमध्ये घेऊन त्याची दुप्पट करावी. त्यापुढे प्रतिमा नुसती मोठी, अंधुक आणि पुसट होत जाते, नवा तपशील काही मिळत नाही. 150 मिलिमीटरसाठी ही मर्यादा सुमारे 300 आहे.

सूक्ष्मदर्शीत विशालन दोन टप्प्यांत होते आणि दोन्हींचा गुणाकार घ्यायचा असतो. 160 मिलिमीटर नळीलांबीच्या पारंपरिक रचनेत 4 मिलिमीटर नाभीय अंतराचे वस्तुभिंग 40 पट विशालन देते. नेत्रिकेसाठी 250 मिलिमीटर हे स्पष्ट दृष्टीचे किमान अंतर धरतात, त्यामुळे 25 मिलिमीटरची नेत्रिका 10 पट देते. एकूण 400.

आता वस्तुभिंगाच्या अंगावरील लिखाण वाचा. तेथे 40/0.65 असे काही कोरलेले असते. पहिली संख्या विशालनाची. दुसरी, जिच्याकडे बहुतेक विद्यार्थी लक्षच देत नाहीत, सांख्यिक द्वारकाची. वस्तूवरून निघणाऱ्या प्रकाशाचा किती रुंद शंकू भिंग आत घेते, ते ही संख्या सांगते:

NA = n sin θ

n हा वस्तू आणि भिंग यांच्यामधील माध्यमाचा अपवर्तनांक आणि θ हा शंकूचा अर्धकोन. वेगळे दिसू शकणारे किमान अंतर 0.61 λ / NA असते; येथे λ ही प्रकाशाची तरंगलांबी. 550 नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात 0.65 साठी ते सुमारे 516 नॅनोमीटर येते. हवेत n जवळपास 1 असल्याने सांख्यिक द्वारक 1 च्या वर जाऊ शकत नाही. म्हणूनच 100 पटीच्या वस्तुभिंगाखाली 1.515 अपवर्तनांकाच्या तेलाचा थेंब ठेवतात. त्यामुळे 1.25 सांख्यिक द्वारक मिळतो आणि किमान अंतर 268 नॅनोमीटरपर्यंत खाली येते. तेल न घालता हेच भिंग वापरले तर विशालनाचा आकडा तोच राहतो, पण प्रतिमा धूसर दिसते.

सूक्ष्मदर्शीसाठी उपयुक्त विशालन सांख्यिक द्वारकाच्या 500 ते 1000 पट धरतात. 0.65 च्या भिंगाला 10 पटीची नेत्रिका शोभते. 25 पटीची लावली तर एकूण विशालन 1000 होते, मर्यादा मात्र 650 चीच राहते.