कागदपत्र पडताळणीची मुदत चुकल्याबाबत आणि उशिरा प्रवेश मिळण्याबाबत विनंती अर्ज

दिनांक : 30 जुलै 2024
नागपूर

प्रति,
मा. प्रवेश समिती प्रमुख,
समाजकार्य महाविद्यालय, नागपूर

विषय : एम.एस.डब्ल्यू. प्रथम वर्ष – दुसऱ्या यादीतील प्रवेशासाठी 24 जुलै रोजी मूळ कागदपत्रांसह हजर राहता न आल्याबाबत

संदर्भ : 27 जुलै रोजी आपल्या कार्यालयाशी फोनवर झालेले बोलणे

महोदय,

मी रोशनी पुंगाटी, राहणार लाहेरी, तालुका भामरागड, जिल्हा गडचिरोली. एम.एस.डब्ल्यू. प्रथम वर्षाच्या दुसऱ्या गुणवत्ता यादीत अनुसूचित जमाती प्रवर्गातून माझे नाव लागले होते. मूळ कागदपत्रे दाखवून प्रवेश निश्चित करण्याची मुदत 24 जुलै, सायंकाळी पाचपर्यंत होती. त्या दिवशी मी लाहेरीतच होते, कारण गावाबाहेर पडायला रस्ताच उरला नव्हता. 27 तारखेला मी फोन केला तेव्हा आपल्या कार्यालयातील मॅडमनी सगळे ऐकून घेतले आणि पुराव्यासह लेखी अर्ज करायला सांगितले. त्याप्रमाणे हा अर्ज करत आहे.

यादी लागल्याचे मला 20 तारखेला नागपूरच्या मैत्रिणीच्या फोनवरून कळले. दुसऱ्या दिवशी निघायचे ठरले होते. रात्रीपासून पावसाचा जोर वाढला, लाहेरी ते भामरागड रस्त्यावरच्या नाल्यांना पाणी आले आणि मोबाईलची रेंज गेली. नाले ओलांडून भामरागड गाठले असते तरी पुढे पर्लकोटा होती. तिच्या पुलावरून पाणी वाहू लागले की भामरागडचा आलापल्लीशी संपर्क तुटतो, एसटी बंद होते आणि सगळा तालुका अडकून पडतो. आमच्याकडे हे बहुतेक पावसाळ्यात होते. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तिन्ही नद्या भामरागडजवळ एकत्र येतात. इंद्रावती फुगली की बाकी दोघींचे पाणी मागे तुंबते आणि लवकर उतरत नाही. वीज नव्हती, नेटवर्क नव्हते, त्यामुळे मुदतीच्या आत आपल्याला ईमेल करणेही शक्य झाले नाही.

26 तारखेला नाले उतरल्यावर मी भामरागडला आले आणि तहसील कार्यालयातून रस्ता बंद असल्याचे पत्र घेतले. 27 ला सकाळी पुलावरचे पाणी ओसरले तेव्हा निघाले आणि आलापल्लीला रेंज मिळताच आपल्याला फोन केला. तहसील कार्यालयाच्या पत्रात मार्ग बंद असल्याच्या तारखा नमूद आहेत. पत्र सोबत जोडले आहे. आवश्यक वाटल्यास आपण तेथे थेट विचारणा करावी.

एक गोष्ट आपण विचारात घ्यावी अशी विनंती आहे. माझी पात्रता मुदतीनंतर तयार झालेली नाही. पदवीच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला आणि अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समितीने दिलेले वैधता प्रमाणपत्र, हे सर्व मी ऑनलाईन अर्ज भरतानाच अपलोड केले होते. ते पाहूनच माझे नाव यादीत आले. राहून गेले ते मूळ प्रती घेऊन आपल्यासमोर उभे राहणे. त्या सगळ्या मूळ प्रती आणि अहेरीच्या महाविद्यालयाचा टीसी आज माझ्याजवळ आहेत.

फक्त एक कागद अजून हाती यायचा आहे. माझी बी.ए. गोंडवाना विद्यापीठाची असल्यामुळे येथे प्रवेशासाठी स्थलांतर प्रमाणपत्र लागते. काल, सोमवारी, गडचिरोलीत विद्यापीठात अर्ज करून शुल्क भरले आहे. पावती जोडली आहे. प्रमाणपत्र मिळताच सादर करीन असे हमीपत्र मी लिहून द्यायला तयार आहे. तोपर्यंत तात्पुरता प्रवेश देता येईल का, हे कृपया पाहावे.

माझी मागणी काय आहे ते स्पष्ट लिहिते. 24 तारखेनंतर माझी जागा पुढच्या यादीतल्या विद्यार्थ्याला दिली गेली असेल, तर ती काढून मला द्यावी असे मी म्हणत नाही. तो विद्यार्थीही माझ्यासारखाच कुठून तरी दूरच्या गावाहून आलेला असेल. परंतु जागा अजून भरली नसेल, तर 1 ऑगस्टला रिक्त जागांची यादी लागण्यापूर्वी माझा प्रवेश त्याच जागेवर निश्चित करावा. जागा भरली असल्यास तिसऱ्या फेरीत माझ्या मूळ गुणांनुसार माझा विचार व्हावा आणि तेथेही जागा नसेल तर प्रतीक्षा यादीत नाव ठेवावे. वर्ग 5 ऑगस्टला सुरू होणार असल्याने आज निर्णय झाला तरी माझा एकही तास बुडणार नाही. प्रवेशाचे शुल्क मी बरोबर आणले आहे.

मुदत सर्वांसाठी सारखी असावी, हे मला मान्य आहे. मात्र जुलैमध्ये आमचा तालुका पाण्यात असतो, हे शासनाच्या प्रत्येक खात्याला ठाऊक असते. तेव्हा तिकडून येणाऱ्या मुलांनी ऐन जुलैत पाच दिवसांत नागपूर गाठायचे, हे पावसावर सोडून दिल्यासारखे होते. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. पुढच्या वर्षीही आमच्याकडची मुले अर्ज करतील, म्हणून लिहिले.

या अभ्यासक्रमासाठी मी एवढा आग्रह का धरते आहे, तेही सांगते. आमच्या भागातली म्हातारी माणसे आणि पुष्कळ बाया माडियाच बोलतात. त्यांना मराठी येत नाही आणि डॉक्टरांना माडिया येत नाही. पदवीला असताना सुट्टीत घरी आले की दवाखान्यात जाणारे लोक मला बरोबर नेत. सिकलसेलचे पिवळे कार्ड हातात असलेल्या मुलीला आपण वाहक आहोत म्हणजे नेमके काय, होणाऱ्या नवऱ्याचीही तपासणी का करायची, हे मी माडियात समजावून सांगितले आहे. पण घाबरलेल्या आईशी कसे बोलावे, घरच्यांचा विरोध असेल तर काय करावे, गोळ्या मध्येच सोडणाऱ्याचा पाठपुरावा कसा ठेवावा, हे मला शिकवलेले नाही. नुसती भाषा येऊन ते जमत नाही. आपल्याकडे वैद्यकीय व मनोरुग्ण समाजकार्य हा विशेष विषय आहे. तो शिकून मला भामरागडलाच परत जायचे आहे.

आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहासाठी आणि शिष्यवृत्तीसाठीही प्रवेशाची पावती लागते. प्रवेशाचा निर्णय लांबला तर ते दोन्ही अर्ज अडतात आणि वसतिगृहाशिवाय नागपुरात राहणे माझ्या घरच्यांना झेपणारे नाही. म्हणून 1 ऑगस्टपूर्वी, होकार असो वा नकार, मला कळवावे ही कळकळीची विनंती. नकार असल्यास वेळेत कळला तर अन्य महाविद्यालयांच्या फेरीत मला अर्ज करता येईल.

मी सध्या नागपुरात नातेवाइकांकडे थांबले आहे. आपण बोलवाल त्या वेळी, त्याच दिवशी, सर्व मूळ कागदपत्रांसह कार्यालयात हजर होईन. प्रवेश अर्जात दिलेला मोबाईल क्रमांक आता चालू आहे.

आपली विश्वासू,
रोशनी पुंगाटी

सोबत : तहसील कार्यालय, भामरागड यांचे 26 जुलैचे पत्र, स्थलांतर प्रमाणपत्राच्या अर्जाची व शुल्काची पावती, गुणपत्रिका, टीसी, जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र यांच्या स्वसाक्षांकित प्रती, ऑनलाईन प्रवेश अर्जाची प्रत.