पंढरपूर, मार्गशीर्षातला बुधवार

मुखपृष्ठाचा फोटो: घाटावरून दिसणारा मंदिराचा कळस
या अल्बममध्ये विठ्ठलाचा एकही फोटो नाही. मंदिरात मोबाईल नेता येत नाही, बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. म्हणून इथे घाट आहे, पायरी आहे, माळा, चपला, होड्या आहेत. आतलं जे आहे ते ओळींमध्ये, जमेल तेवढं.
#पंढरपूर #मार्गशीर्ष

महाद्वार घाट, सकाळी सात
गाव नदीच्या पश्चिम काठावर, त्यामुळे घाटावर उभं राहिलं की सूर्य थेट समोरून उगवतो. फोटोत माणसं काळी आणि पाणी पांढरं येतं, ते यामुळे. चेहरे हवे असतील तर पाण्याच्या बाजूला उतरून घाटाकडे तोंड करावं लागतं. आम्हाला ही काळी माणसंच बरी वाटली. एकाच्या हातात तांब्या आहे, एकीने पदर खोचलाय, मधला नुसताच उभा आहे. यातलं कोण कुठल्या गावचं, हे ओळखायला फोटोत काही उरलेलं नाही.

पुंडलिकाचं मंदिर, वाळवंटात
विठ्ठलाच्या आधी पुंडलिकाला भेटायचं, हा जुना रिवाज. मंदिर नदीच्या पात्रातच आहे. वरच्या अंगाला उजनी आणि वीर धरणांतून विसर्ग वाढला की पाणी इथे चढतं आणि दर्शन बंद होतं. आई-वडिलांच्या सेवेत गुंतलेल्या मुलाने देवाला विटेवर थांबवलं, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. मंदिरातली पूजा कोळी समाजाकडे आहे, हे मात्र येणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असतं.

चंद्रभागा
नाव भीमा. पंढरपुराशी चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तेवढ्यापुरती चंद्रभागा. वळण सरळ उभं राहून दिसत नाही, फोटोत तर नाहीच.

वाळवंट, जवळून
लांबून सपाट दिसतं. जवळ गेलं की वाळू उपशाचे जुने खड्डे, त्यांत साचलेलं पाणी, काठाला अडकलेले हार, सोडून दिलेली वस्त्रं. गुडघाभर पाण्यातून चालताना एका पावलात कंबरेएवढं पाणी लागतं ते याच खड्ड्यांमुळे, आणि बुडण्याच्या घटना इथे नव्या नाहीत. स्नान करणारी जाणती माणसं काठाशी बसतात आणि तांब्याने अंगावर पाणी घेतात. हा फोटो गाळावा का, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. ठेवला. नदीला माता म्हणणारे हात आणि हे सोडून जाणारे हात वेगळे नाहीत, आमचेही त्यातच आले.

नामदेव पायरी
महाद्वारातली पहिली पायरी. संतांच्या पायांची धूळ अंगावर पडावी म्हणून नामदेवांनी हीच जागा मागून घेतली, असं परंपरा सांगते. समाधीचं साल १३५० मानतात. प्रत्यक्षात होतं असं की इथे पाय कुणीच ठेवत नाही. लोक वाकतात, हात लावतात, कपाळ टेकतात आणि पायरी ओलांडून आत जातात. मागणी पायांची होती, मिळालं कपाळ. मागणाऱ्याला हे चाललं असतं का, कोण जाणे.

पायरीसमोर, चोखोबांची समाधी
मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून चोखामेळा गेले, साल १३३८ सांगतात. नामदेवांनी त्यांच्या अस्थी इथे आणल्या. जिवंतपणी ज्यांना दाराच्या आत येऊ दिलं नाही, त्यांची जागा आजही दारासमोरच आहे. मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी याच गावात, तनपुरे महाराजांच्या मठात, मे १९४७ मध्ये उपोषण केलं. १३३८ ते १९४७. फोटोतलं दार आणि समाधी यांच्यातलं अंतर काही पावलांचं आहे.

दर्शन मंडप, बाहेरच्या रस्त्यावरून
बारी दोन. पदस्पर्शाची लांब, मुखदर्शनाची आखूड. मुखदर्शनात लांबून बघायचं आणि पुढे सरकायचं. पदस्पर्शात गाभाऱ्यापर्यंत जाऊन देवाच्या पायांवर डोकं ठेवता येतं, कुणालाही. मोठ्या देवस्थानांत हे सहसा मिळत नाही. किती वेळ मिळतो? डोकं टेकून उचलेपर्यंत. सेवेकऱ्यांचा हात खांद्यावर येतोच, त्यात राग नसतो, मागे रांग असते.
आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री या चार वाऱ्या सोडून आठवड्याच्या मधल्या दिवशी आलं की बारी पुष्कळ हलकी. एकादशी, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या टाळायच्या. बुधवार म्हणून तर हा बुधवार.

मंदिराची बाहेरची भिंत (आतल्याचा फोटो नाही म्हणून)
आत सोळखांबी मंडपाजवळ एक शिलालेख आहे, चौऱ्याऐंशीचा. यादवकाळातला, १२७३ ते १२७७ या वर्षांत मंदिराला कुणी काय दिलं त्याची ही नोंद. पुढे लोकांनी ठरवलं की याला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो. शतकानुशतकं पाठी घासल्या गेल्या आणि अक्षरं झिजली. दात्यांनी नावं दगडात कोरून ठेवली होती. ज्यांचं नाव कुठेच नव्हतं, त्यांच्या पाठींनी ती पुसट केली. इतिहासाच्या अभ्यासकांना याची हळहळ वाटते आणि ती रास्त आहे. तरीही पाठ घासणाऱ्यावर रागावणं आम्हाला जमलं नाही.

त्याच भिंतीचा, थोडा पुढचा कोपरा
झीज मूर्तीलाही आहे. दूध-दह्याचे अभिषेक आणि रोज पायांवर टेकणारी हजारो डोकी. म्हणून अधूनमधून पुरातत्त्व विभाग वज्रलेप करतो. म्हणजे प्रेमाने झिजतं आणि रसायनाने टिकतं. २०२४ मध्ये जतनाच्या कामासाठी पदस्पर्श दर्शन मार्चपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत बंद होतं. भिंतींवरची चांदी काढल्यावर खालचा जुना दगड दिसू लागला. चांदी बघितलेले म्हणतात, आता अंधार वाटतो. पहिल्यांदा येणाऱ्याला तो अंधार जुनाच वाटतो.

कपाळ
दोन उभ्या रेघा गोपीचंदनाच्या, मध्ये ठिपका बुक्क्याचा. गोपीचंदन ओल्या तळहातावर घट्टसर उगाळायचं. पातळ झालं तर रेघ नाकावर ओघळते, आणि ओलं असतानाच बुक्का लावला तर काळं-पांढरं एक होतं. आधी वाळू द्यायचं, मग बुक्का. या काकांच्या कपाळावर दुपारीही रेघ शाबूत होती. सवयीचा हात.

तुळशीमाळा, प्रदक्षिणा मार्गावरचं दुकान
माळेत मणी १०८. पंढरपुरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या काशीकापडी समाज करतो. तुळशीचं वाळलेलं खोड कापायचं, भोक पाडायचं, मणी घासून गोल करायचा. खऱ्या तुळशीचे सगळे मणी एका मापाचे, एका रंगाचे निघत नाहीत. फार सारखे आणि गुळगुळीत दिसले की दुसऱ्या लाकडाची शंका घ्यावी. तुटते ती मण्यात नाही, गाठीशी, दोरा तिथे घामाने कुजतो.
माळ विकत घेणं वेगळं आणि ‘माळ घालणं’ वेगळं. घातली की वारी आली, एकादशी आली, मांसाहार सुटला. आम्ही फोटो काढला, घातली नाही. दुकानदाराने विचारलंही नाही.

चपला
जोडीतली एकच सापडते, ती इथे. जोडी एकमेकींत अडकवून पिशवीत घालून जवळ ठेवलेली बरी. सगळ्यांनी एका जागी काढल्या की बाहेर आल्यावर सगळे एकाच जागी वाकलेले असतात, पुन्हा एकदा.

विष्णुपदाकडे जाणारी होडी
मार्गशीर्षात देव देवळात नसतो, विष्णुपदावर मुक्कामाला असतो, अशी श्रद्धा. त्यामुळे या महिन्यात अर्धी गर्दी गावात आणि अर्धी विष्णुपदाकडे, डबे घेऊन. पात्रात पाणी पुरेसं असलं तर होडी जाते, नसलं तर गोपाळपूरच्या बाजूने चालत. होडीत बसण्याआधी भाडं ठरवायचं आणि परतीचंही त्यातच ठरवायचं, नाहीतर देवाकडून परत येताना घासाघीस करावी लागते.

विष्णुपद
खडकावर पावलांच्या खुणा, गाईच्या खुरांच्या, काल्याच्या वाटीची. भोवती दगडी खांबांचा मंडप, चारी बाजूंनी उघडा. या फोटोत बरोबर मधोमध एक आजी भाकरी सोडून बसल्या आहेत. आम्ही त्यांना थोडं बाजूला व्हायला सांगणार होतो. मग लक्षात आलं की वनभोजन म्हणतात ते हेच, आणि खुणांचे फोटो सगळीकडे मिळतात.

प्रसाद
चुरमुरे, बत्तासे, पेढे, कुंकू, बुक्का. सगळं एका पिशवीत घेतलं की घरी पोचेपर्यंत चुरमुरे काळे आणि बत्तासे लाल. बुक्का आणि कुंकू वेगळ्या डबीत, डबीला रबर. चुरमुरे दोन दिवसांत सादळतात. शेजाऱ्यांना द्यायचे असतील तर आल्या दिवशीच वाटायचे.

गोपाळपूर, उतरत्या उन्हात
आषाढीला काला होतो तो इथे, पौर्णिमेला. तो झाला की वारकरी परतीला लागतात. आज तिथे दोन बकऱ्या आणि सुनसान पायऱ्या. त्या गर्दीनंतर देवाचाही शीण काढतात, प्रक्षाळपूजा होते, काढ्याचा नैवेद्य दाखवतात. आषाढीच्या दिवसांत दर्शन चोवीस तास चालतं म्हणून देवाचा पलंग काढून ठेवतात, तो मग परत लागतो. थकणारा देव ही कल्पना कुणाला सुचली असेल? ज्याला सुचली तो स्वतः चालत आलेला असणार.

पंढरपूर स्थानकाची पाटी
कुर्डुवाडीकडून येणारी ही रेल्वे १९०६ ची, बार्शी लाइट रेल्वेची, अडीच फुटी अरुंद रुळांची. पुढे मिरजेपर्यंत गेली १९२७ मध्ये. आता रुंद झाली. पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या बऱ्याच जणांना अजूनही कुर्डुवाडीला गाडी बदलावी लागते आणि तिथला थांबा लांबतो. आमच्या डब्यात समोर बसलेल्या बाईंनी पिशवीतून काळे-लाल झालेले चुरमुरे काढून सगळ्यांना दिले. वेगळी डबी त्यांनीही घेतली नव्हती.
#कुर्डुवाडी #चंद्रभागा