जाणे, पण गेली: भूतकाळाची दोन कोडी

रविवारच्या मराठी वर्गासाठी, वय ९ ते १२. वेळ ३५ मिनिटे. पेन्सिल आणि खोडरबर घ्या.

मुलांनो, प्रत्येक सूत्रात मूळ क्रियापद दिले आहे. तुम्ही भूतकाळाचे रूप लिहायचे. ‘बसणे’चे ‘बसला’ होते तितके सरळ इथले एकही क्रियापद नाही. आधी वाक्य मोठ्याने म्हणा, मगच घरे भरा.

एका घरात एक पूर्ण अक्षर. ‘सां’ला एकच घर, ‘म्ह’लाही एकच घर. नपुंसकलिंगी रूप ‘ले’ असे लिहायचे. बोलताना आपण ‘लं’ म्हणतो, कोड्यात मात्र ‘ले’च.

पहिले: शब्दकोडे

काळी घरे बंद आहेत.

```
■ ■ ■ ■ ■ ■ १
■ ■ ■ ■ ■ ■ □
■ ■ ■ ■ २ □ □
■ ■ ३ ■ □ ■ ■
■ ४ □ □ □ ■ ■
■ ■ □ ■ ■ ■ ■
■ ५ □ ■ ■ ■ ■
६ □ ■ ■ ■ ■ ■
```

आडवे शब्द

२. घेणे: ताईने नवा फ्रॉक …
४. सांगणे: आजीने काऊचिऊची गोष्ट …
५. करणे: आईने गरमागरम थालीपीठ …
६. येणे: ढग दाटले आणि पाऊस …

उभे शब्द

१. म्हणणे: “येतो हं,” असे दादा …
२. घेणे: आजोबांनी हातात काठी …
३. मागणे: खेळून दमलेल्या मुलीने पाणी …
५. करणे: बाबांनी आल्याचा चहा …

२ आणि ५ या आकड्यांवर एकच क्रियापद दोनदा आले आहे. उत्तरे वेगळी आहेत. फ्रॉक तो, काठी ती; शेवटचे अक्षर तिथून ठरते.

दुसरे: शब्दशोध

आठ शब्द लपले आहेत. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, किंवा वरून खाली उजवीकडे तिरपे वाचा. उलटे काही नाही.

```
ब   घि  त  ला  क  दि
प्या  म   झा  ले  नि  ली
य   घा  त  ली  जा  ली
ले  धु   क  र  ला  गे
सा  मा  त  प  दे  ली
खा  ल्ला  न  ले  वा  हा
```

बघणे: भावाने सिनेमा …
पिणे: वासरू दूध …
घालणे: बाळाने टोपी …
धुणे: आत्याने पातेले …
खाणे: माकडाने आंबा …
देणे: शेजारच्या काकूंनी पुरणपोळी …
जाणे: पाचची गाडी …
होणे: एकदाचे काम …

सावध राहा. ‘जाली’, ‘जाला’, ‘देली’ आणि ‘करला’ हे चार शब्द दिसतील. ते खोटे आहेत, त्यांना गोल करू नका. ‘झाली’ खरे रूप आहे आणि ते तिरपे सापडतेही, पण काम ‘ती’ आहे का? नाही, ‘ते’ आहे.

उत्तरे

आडवे: २ घेतला, ४ सांगितली, ५ केले, ६ आला.
उभे: १ म्हणाला, २ घेतली, ३ मागितले, ५ केला.

शब्दशोध: बघितला (पहिली ओळ), प्यायले (पहिला स्तंभ, दुसऱ्या ओळीपासून खाली), घातली (तिसरी ओळ), धुतले (चौथ्या ओळीतल्या ‘धु’पासून तिरपे), खाल्ला (शेवटची ओळ), दिली (शेवटचा स्तंभ, अगदी वर), गेली (तोच स्तंभ, चौथ्या ओळीपासून), झाले (दुसरी ओळ).

शिक्षकांसाठी

घरी मराठी ऐकणारे पण शाळेत न शिकणारे मूल ‘करला’ म्हणते तेव्हा ते नियमच वापरत असते: चाल-चालला, बस-बसला, तसे कर-करला. त्यामुळे नुसते ‘चूक’ म्हणू नका. तीन गट फळ्यावर मांडा. कर-के, जा-गे, हो-झा, ये-आ, दे-दि यांत धातूच पालटतो. सांग, माग, बघ यांना ‘इत’ जोडला जातो. घे आणि धु यांना नुसता ‘त’ लागतो, तर ‘घाल’ त्या ‘त’साठी आपला ‘ल’ सोडतो. खा आणि पी या गटांत बसत नाहीत. ती रूपे म्हणून म्हणूनच तोंडात बसतात.

१ उभ्यात मुले ‘म्हटले’ लिहून अडतात, कारण घरे तीनच असूनही शेवटचा ‘ला’ जुळत नाही. ‘दादाने’ असते तर ‘म्हटले’ आले असते. इथे ‘दादा’ला ‘ने’ नाही, म्हणून क्रियापद दादाकडे बघून चालते: म्हणाला. उलट ‘आईने थालीपीठ केले’मध्ये ते थालीपिठाकडे बघते. हे एकदा दाखवले की २ आणि ५ सुटतात.

‘खाल्ला’ला तीन घरे शोधणाऱ्या मुलाला ‘ल्ला’ हे एकच जोडाक्षर आहे हे बोट ठेवून दाखवा. एखाद्याने ‘बघला’ शोधले, तर ते बोलीत ऐकू येते हे मान्य करा आणि घरे मोजायला सांगा: लागतात चार.

शब्दकोड्याला २० मिनिटे, शब्दशोधाला १५. शब्दकोड्यात कुणी अडलेच तर ४ आडवा आधी सोडवायला द्या. त्यातून २ आणि ३ उभ्याचे एकेक अक्षर हाती लागते.